ओतिलियाची खिडकी आणि माझी रांग

माझी नणंद ओतिलिया हिच्याबद्दल आमच्या उआमांत्ला गावात कुणालाही विचारा, सगळे चांगलंच सांगतील. कष्टाळू बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात, नवरा उत्तरेला कामाला गेला तो तिकडचाच झाला, तरी कधी रडगाणं गायली नाही. हे सगळं खरं आहे. पण तिच्यावरून माझ्या पोटात किती वर्षं दुखत होतं ते मला विचारा, म्हणजे तुम्हाला तिची पूर्ण गोष्ट कळेल.

माझी सासू कार्लोता, वडीलधारी म्हणून गाव तिला मानानं दोन्या कार्लोता म्हणायचं, हिचं चर्चच्या मागच्या चौकात तोर्तियाचं दुकान होतं. चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका चक्कीत दळायचा, त्याचं पीठ यंत्रात घालायचं, आणि पलीकडून पातळ गोल तोर्तिया भाजून बाहेर पडतात त्या काट्यावर टाकून गिऱ्हाइकाच्या फडक्यात बांधायच्या. ओतिलिया आणि मी, दोघी त्याच यंत्रापाशी शिकलो. ती लेक, मी सून. तिला सासू एकदा सांगायची, मला तीनदा. म्हातारी गेली तेव्हा चौकातलं दुकान, नवं यंत्र आणि गिऱ्हाइकं माझ्या नवऱ्याला, नाबोरला मिळाली. ओतिलियाला जुनं यंत्र, जुनी चक्की आणि कालव्याकडच्या बोळातली एक खोली, ज्यात आधी शेळ्या बांधत. त्या बोळात तेव्हा कुत्रंसुद्धा वाट चुकलं तरच यायचं. मला वाटलं, झालं, आता ही बसेल माश्या मारत. आणि मनातल्या मनात मला बरंही वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

चौकात माझी रांग असायची. दुपारी एक ते तीन आमच्याकडे सगळ्या घरांतून जेवणं होतात, आणि जेवायला बसायच्या आधी कुणीतरी फडकं घेऊन धावत येतं, कारण तोर्तिया गरम नसली तर तिला कुणी हात लावत नाही. अर्धा किलो, पाऊण किलो, पाहुणे असले तर दोन किलो. कुणाला करपट डागाच्या आवडतात, कुणाला मऊसूत. दोन्या एल्बिराला दात नाहीत, तिच्यासाठी मी यंत्राच्या मधल्या पट्ट्यावरच्या उचलायची. रांगेत ताटकळणाऱ्यांच्या हातावर मी एकेक गरम तोर्तिया मीठ भुरभुरून, गुंडाळी करून ठेवायची. त्याचे पैसे कुणी घेत नाही. ती खात खात बायका सुनांची उणीदुणी काढायच्या, मी पण माझं काही घालायची. रविवारी रांग कोपऱ्यावरून वळायची. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं की हे फिदेलाचं दुकान. फिदेला म्हणजे मी.

ओतिलियाकडे कुणी येईना. मग ती स्वतःच निघाली. एक टोपली, एक काटा, आणि मुलींच्या मोठ्या शाळेचं मागलं दार. ती नन्सची शाळा, तीनेकशे मुली दुपारी तिथंच जेवतात. ओतिलियानं स्वयंपाकघरातल्या सिस्टरला विचारलं म्हणे, तुम्हाला काय लागतं, किती लागतं, किती वाजता लागतं. मी ऐकून हसले. तोर्तिया विकायला कुणी असे प्रश्न विचारतं का? तोर्तिया ती तोर्तिया. पण तिनं विचारलं, आणि त्यांना जसं लागतं तसं ती देत गेली. पुढं शिवणकामाच्या कारखान्याचं उपाहारगृह मिळालं, मग नगरपालिकेच्या कचेरीचं.

आणि एक दिवस चौकातून पांढरी गाडी गेली. तिच्या दारावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: ओतिलिया, शाळा व कार्यालयांस तोर्तिया पुरवठा. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. मी काट्यावर हात ठेवून बसले होते, दोन्या एल्बिरा म्हणाली की तुझ्या नणंदेनं नाव काढलं हो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी तिला मी जाड जाड तोर्तिया बांधून दिल्या.

तेव्हापासून ती गाडी डोळ्यांत खुपायला लागली. मला दिवसभर अर्धा किलोवाल्या शंभर बायकांशी डोकं लावायला लागायचं, आणि हिचं एका फोनवर पन्नास-साठ किलोचं काम. माझ्याकडे सुट्टी नाही, रविवार नाही. ही जुलैत शाळा बंद झाली की दारात खुर्ची टाकून बसायची. नाबोर म्हणायचा, अगं, शाळा बंद म्हणजे तिची विक्री बंद, ती काही हौसेनं बसत नाही. शिवाय किलोमागे तिला तुझ्याहून कमी मिळतात, तेही महिन्यानं. मी त्याला म्हटलं, तुझी बहीण ना, तू तिचीच बाजू घेणार. त्यावर तो गुडघा चोळत आत गेला. भांडणात त्याचा गुडघा नेमका दुखतो.

मग दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात दोन्या एल्बिरानंच खबर आणली. तिची भाची शाळेत भांडी घासते. शाळेत नवी कारभारीण आली होती, तिनं ठरवलं होतं की या वर्षी सगळ्या मालाचे भाव नव्यानं मागवायचे, जुनं कुणी गृहीत धरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सासूचं भरतकाम केलेलं फडकं काढलं, यंत्रावरून उतरलेल्या तोर्तिया त्यात बांधल्या, वर आणखी दोन फडकी गुंडाळली आणि टॅक्सी करून शाळेत गेले. कारभारिणीच्या टेबलावर फडकं उघडलं. वाफ आली. मी मीठ लावून तिच्या हातात दिली, स्वयंपाकघरातल्या सिस्टर आम्पारोच्या हातात दिली. कारभारीण डोळे मिटून म्हणाली, "अशी तर मी आईच्या घरी खायचे." मी भाव ओतिलियापेक्षा थोडा खालीच सांगितला. काम मला मिळालं.

घरी येताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ओतिलियाच्या कामातलं निम्म्याहून जास्त काम ती शाळाच होती. नाबोरला सांगितलं तेव्हा त्यानं चमचा खाली ठेवला. म्हणाला, "तिच्या तोंडचा घास होता तो, फिदेला." मी म्हटलं, चौकातलं दुकान मिळालं तेव्हा तुझ्या घशाखाली बरा उतरला तो.

पहिले दोन दिवस मी टोपल्यांतून तोर्तिया नेल्या, फडक्यात गुंडाळून, गरम. मुलींनी बोटं चाटली म्हणे. तिसऱ्या दिवशी सिस्टर आम्पारोनं सांगितलं की टोपल्या चालायच्या नाहीत. किलो किलोची बंद पाकिटं हवीत, कारण पाकिटं मोजून टेबलाटेबलावर जातात, आणि उघड्या टोपलीवर माशी बसली तर जबाब तिला द्यावा लागतो. बरं, म्हटलं, पाकिटं तर पाकिटं.

पण माझा हट्ट एकच की माझी तोर्तिया मुलींच्या ताटात गरमच जायला हवी. ओतिलिया म्हणे सकाळीच करून ठेवायची, थंडगार. शी. मी ठरवलं की शाळेचा घाणा अगदी शेवटी काढायचा, बाराला सुरू, एकच्या आत भाड्याच्या गाडीत. यंत्र एकच. पण एकला माझी रांग लागायची तरी घाणा उरकलेला नसायचा, यंत्रातून पडणारी प्रत्येक तोर्तिया शाळेच्या पाकिटात चाललेली. मी म्हणायची, दहा मिनिटं थांबा गं. मग आणखी दहा. हातावर ठेवायच्या त्या मीठ लावलेल्या गुंडाळ्याही बंद झाल्या, हात रिकामा कुणाचा होता? बायका फडकं हातात घेऊन उभ्या, घरी सूप निवतंय, नवरा घड्याळाकडे बघतोय. थांबल्या एक आठवडा, दोन आठवडे. मग मला वाटायला लागलं की रांग आखूड झालीय. दोन्या एल्बिराही दिसेना. मी समजले आजारी असेल.

आणि त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. सिस्टर आम्पारो एरवी हळू बोलते, त्या दिवशी मला कानापासून फोन लांब धरावा लागला. यंत्रावरच्या गरम तोर्तिया मी तशाच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तोंडं बांधत होते. जेवढ्या गरम तेवढी मला ऐट. आणि आत त्यांना घाम सुटायचा, एकीला एक चिकटायची, पाकीट फोडलं की हाताला पिठाचा गोळा. पहिले काही दिवस त्यांनी चालवून घेतलं, वरच्या चार काढून घ्यायच्या आणि बाकीच्या टाकायच्या. त्या दिवशी उकाडा होता, सगळीच पाकिटं आंबूस निघाली. तीनशे मुली नुसत्या डाळीवर जेवून उठल्या. कारभारिणीनं निरोप दिला होता की आणखी एकदा असं झालं तर दुसरं कुणी बघू.

मी काट्यापाशी बसले. समोर रांगेत दोन माणसं. एक तर परगावचा, पत्ता विचारायला थांबलेला. शाळा जातेय हे दुःख होतंच, पण मी बघत होते ते समोरच्या मोकळ्या फरशीकडे. सोळा वर्षांत दुपारी दीड वाजता मला आमच्या दारातून समोरची भिंत कधी दिसलेली नव्हती. त्या दिवशी दिसली.

नाबोरला विचारलं की सगळ्या गेल्या कुठं. तो गुडघा चोळायला लागला. मी म्हटलं, गुडघा सोड, तोंडानं बोल. तो म्हणाला, जाऊन बघ बोळात.

गेले. कालव्यापलीकडे एवढ्या वर्षांत नवी घरं झाली होती, त्यांची चौकात यायची वाट त्याच बोळातून. शाळा गेल्यावर ओतिलियाची दुपारची गाडीची फेरी वाचली, तेव्हा तिनं बोळाकडच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली होती. साधी लाकडी फळी, वर काटा. आणि समोर रांग. माझी रांग. फडकी मी ओळखते, माणसांची तोंडं नंतर. निळ्या काठाचं ते गॅरेजवाल्याच्या बायकोचं, कोंबड्या भरलेलं ते शिक्षिकेचं. दोन्या एल्बिरा पुढून तिसरी. मला बघून तिनं आकाशाकडे बघितलं, जणू ढग आलेत का ते बघायला आली होती. आणि आत माझी नणंद, कपाळाला घाम, हसतेय, मीठ लावून गुंडाळ्या वाटतेय. मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय झालं असतं? मला त्या खिडकीत उडी मारून काटा फेकून द्यावासा वाटला.

पण उडी कसली मारतेय. रांग संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले. संपायला बराच वेळ लागला, त्याचाही मला राग आला.

"ये आत," ओतिलिया म्हणाली. "मला वाटलंच होतं तू येशील. आधी भांडणार आहेस की आधी पाणी पिणार?"

मी पाणी प्याले. मग म्हटलं, "ताई, शाळा परत घे. मला नको ती. तू शाळा घे आणि माझी माणसं मला परत दे."

ती एवढी हसली की तिला फळीला धरावं लागलं. "माणसं काय पोत्यात भरून ठेवलीत मी, की हे घे तुझं पोतं? शाळेचं काम देता-घेता येतं गं. ते कागदावर असतं, कागद बदलला की झालं. यांचं तसं नसतं. यांना रोज दुपारी यावंसं वाटायला लागतं."

मी म्हटलं, तुला काय कमी होतं? गाडी, दारावर नाव, एका फोनवर काम. माझ्या चार बायका पण तुला बघवल्या नाहीत?

तेव्हा तिचं हसू गेलं. तिनं एप्रनला हात पुसले. म्हणाली, "नाही बघवल्या. आईनं दुकान तुमच्या हाती दिलं त्या दिवसापासून नाही बघवल्या. एवढी वर्षं मी शाळेच्या मागल्या दारानं पाकिटं दिली, फिदेला. वजन बरोबर, वेळ बरोबर. तोर्तिया चांगली होती की वाईट, हे एका माणसानं सांगितलं नाही. खाणाऱ्याचं तोंडच दिसत नाही तिथं. गाडी चौकातून मुद्दाम न्यायची मी, दुसरा रस्ता जवळचा आहे. तुझी रांग बघायची आणि घरी येऊन चडफडत बसायची. परवा दोन्या एल्बिरा म्हणाली, ओतिलिया, आज जरा कडक झाल्यात गं. त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही."

म्हणजे ज्या गाडीनं माझा जीव जाळला ती गाडी हिनं माझ्यावर जळत चालवली होती. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. जरा वाटलंही. पण रांग तिच्या दारात होती, माझ्या नाही.

"शाळा तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली. "मी परत घेणार नाही. घेतली तर दुपारी मला गाडीवर जावं लागेल आणि खिडकी बंद. हवं तर कारखानाही घे, मी त्यांना सांगते. पण आंबवून देऊ नकोस, माझ्या आईचं नाव आहे त्याला."

आणि तिनंच मला दाखवलं. तिच्या खोलीत दोन लांब टेबलं होती, त्यावर धुतलेल्या चादरी. घाणा सकाळी लवकर काढायचा. तोर्तिया टेबलावर सुट्या सुट्या पसरायच्या, पंखा लावायचा, उलटायच्या. हाताचा तळवा नाही, मागची बाजू लावून बघायची. तिथं ऊब लागली नाही तरच कागदात गुंडाळून पाकिटात. स्वयंपाकघरात त्या तव्यावर पुन्हा गरम होतात, आणि सिस्टर आम्पारोला तेच हवं असतं, तिच्या वेळेला तिच्या तव्यावर गरम होणारी, सुटी, मोजता येणारी. "शाळेला तुझी गरम तोर्तिया नको होती," ओतिलिया म्हणाली. "तुला द्यायची होती." मला तिच्या कानशिलात द्यावीशी वाटली, कारण ती बरोबर बोलत होती.

तर आता असं आहे. पांढरी गाडी मी विकत घेतली, दारावरचं नाव रंगवून फिदेला केलं. शाळा, कारखाना, आता कचेरीही. एकही पाकीट परत आलेलं नाही. सकाळी टेबलं भरलेली असतात आणि दुपारी बरोबर जेवणाच्या वेळेला मी गाडीवर असते, या मागल्या दाराहून त्या मागल्या दारी. चौकातलं दुकान उघडं असतं, नाबोर बसतो, पण यंत्र तोवर गार झालेलं असतं आणि डब्यात सकाळच्या राहिलेल्या असतात. ज्यांना फारच घाई आहे ते येतात. जुलैत शाळा बंद होते, तेव्हा मी दुपारी यंत्र लावून बघितलं. चार दिवस फुकटच्या गुंडाळ्या वाटल्या. बायका चौकातून जाताना प्रेमानं विचारपूस करत होत्या, हातात बोळातून आणलेलं फडकं, त्यातून वाफ येतेय. एकीनं मला त्यातलीच एक देऊ केली. मी म्हटलं, जेवले मी.

लोक म्हणतात, फिदेलानं नाव काढलं. दारावर तर आहेच.

परवा मी कारखान्यातून परत आले तेव्हा तीन वाजत आले होते. नाबोर आणि आमची लेक यारेली जेवायची थांबली होती. मी हात धुऊन बसले, वाटीत घेवड्याचं कालवण घेतलं आणि मधलं फडकं उघडलं. आत गरम तोर्तिया. पातळ, मधल्या पट्ट्यावरच्या, डाग न पडलेल्या. आमच्या यंत्रावरच्या नव्हत्या हे सांगायला मला चव घ्यायची गरज नव्हती. मी कुणाकडे न बघता विचारलं, या कुठल्या. नाबोरचा हात टेबलाखाली गुडघ्याकडे गेला.

"आत्याकडच्या," यारेली म्हणाली. "आपल्याकडच्या गार असतात गं आई. रोज तिथूनच आणते मी. तू उशिरा येतेस म्हणून तुला माहीत नाही."

रोज. माझ्या घरातलं माणूस माझं दुकान ओलांडून, फडकं घेऊन रोज त्या बोळात उभं राहत होतं, आणि अख्ख्या गावाला ते माहीत होतं. मी तोर्तिया तोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली. चांगली होती. मेली, फारच चांगली होती. मी दुसरी घेतली.

यारेली घाबरून बोलत सुटली, की आज जरा निवल्यात, तिथं रांग एवढी मोठी होती की पुढं कोपऱ्यापर्यंत गेली होती, म्हणून उशीर झाला.

मी घास गिळला.

"उद्या थोडी लवकर जा," मी म्हटलं, "म्हणजे जास्त वेळ उभं राहावं लागणार नाही."